आयात कच्च्या मालाची लँडेड कॉस्ट आणि इश्यू रेट: कोणता डॉलर कुठे धरायचा

प्रश्न: आम्ही प्लास्टिक ग्रॅन्युल्स आयात करतो. इन्व्हॉइस डॉलरमध्ये असतं, बिल ऑफ एन्ट्रीवर वेगळाच डॉलर रेट असतो आणि पैसे भरताना बँक तिसराच रेट लावते. सीएचएची आणि वाहतुकीची बिलं महिनाभराने येतात, तोवर अर्ध्याहून जास्त माल प्रॉडक्शनला गेलेला असतो. मग लँडेड कॉस्ट कोणत्या रेटने काढायची आणि स्टोअरमधून माल देताना इश्यू रेट काय लावायचा? आमच्या सिस्टीममध्ये कधी १०४ दिसतो, कधी १४५.

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यातच दुखणं कुठे आहे ते कळतं. १०४ आणि १४५ हे दोन्ही आकडे चुकीचे असणार, आणि दोन्ही एकाच चुकीतून आलेले असणार. त्याकडे वळण्याआधी डॉलरचा गोंधळ सोडवू, कारण पाया तोच आहे.

एका आयातीत डॉलरचा एकच रेट शोधत बसू नका. प्रत्येक रेटचं काम वेगळं आहे. इन्व्हॉइसची रक्कम ज्या दिवशी व्यवहार झाला त्या दिवशीच्या रेटने रुपयांत येते. ड्युटी कस्टम्सच्या रेटने निघते. पैसे भरताना बँकेने लावलेला रेट मालाच्या किमतीत कुठेच येत नाही. चौथाही एक रेट असतो, ज्याकडे फारसं कोणी बघत नाही. तो म्हणजे फ्रेट फॉरवर्डर किंवा शिपिंग लाइन स्वतःच्या बिलात लावते तो. समुद्री भाडं डॉलरमध्ये ठरतं, पण बिल रुपयांत येतं, आणि त्यातला रेट बहुधा बाजारापेक्षा चढाच असतो. तुम्ही खरोखर देणार ती रक्कम रुपयांत समोर आहे, तर भाड्यापुरती तीच धरायची. पुन्हा डॉलरवरून उलटं गणित करायची गरज नाही.

आता एक कंटेनर घेऊन पूर्ण हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

२४,००० किलो ग्रॅन्युल्स, २५ किलोच्या ९६० बॅगा. एफओबी दर टनाला १,२०० डॉलर, म्हणजे इन्व्हॉइस २८,८०० डॉलरचं. समुद्री भाडं १,२०० डॉलर ठरलं आहे. विमा तुमच्या मरीन पॉलिसीखाली, प्रीमियम ५,१६० रुपये. बिल ऑफ लेडिंगच्या तारखेला डॉलर ८५ रुपये होता, बिल ऑफ एन्ट्री भरली त्या दिवशी कस्टम्सचा रेट ८६ होता, आणि तीन महिन्यांनी पैसे भरताना बँकेने ८७ लावला. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू.

आधी ड्युटी. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १४ प्रमाणे बिल ऑफ एन्ट्री दाखल केल्याच्या दिवशी जो रेट अंमलात असेल तोच लागतो. तो सीबीआयसी पंधरवड्याला जाहीर करते, आणि आयातीचा व निर्यातीचा रेट वेगळा असतो. हा रेट बिल ऑफ एन्ट्रीवर छापलेलाच असतो, त्यामुळे त्यात अंदाजाचं काही काम नाही. ड्युटी एफओबीवर लागत नाही, भाडं आणि विमा मिळवून झालेल्या किमतीवर लागते:

२८,८०० + १,२०० + ६० = ३०,०६० डॉलर (विम्याचे ५,१६० रुपये ८६ ने भागले की ६० डॉलर)
३०,०६० × ८६ = २५,८५,१६० रुपये, ही ॲसेसेबल व्हॅल्यू
मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के = १,९३,८८७
त्यावर समाज कल्याण अधिभार १० टक्के = १९,३८९
दोन्ही मिळून = २,१३,२७६
आयजीएसटी १८ टक्के, ॲसेसेबल व्हॅल्यू अधिक ड्युटीवर = ५,०३,७१८

अधिभार मालाच्या किमतीवर नसतो, सीमाशुल्कावर असतो. म्हणून ७.५ टक्क्यांचा खरा भार ८.२५ टक्के होतो. अँटी-डंपिंग ड्युटी लागत असेल तर तीही मालाच्या किमतीत धरायची, कारण तिचं क्रेडिट मिळत नाही. अधिभार मात्र तिच्यावर लागत नाही.

यातले २,१३,२७६ लँडेड कॉस्टमध्ये येतील. आयजीएसटीचे ५,०३,७१८ येणार नाहीत, कारण त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट तुम्हाला मिळतं आणि जो कर परत मिळतो तो खर्च नव्हे. ते चुकून घातले तर किलोमागे २१ रुपये फुगतात. एवढा मोठा फरक कोणाच्या तरी नजरेत येतो, म्हणून ही चूक फार काळ टिकत नाही. जास्त टिकते ती छोटी चूक: सीएफएसच्या, वाहतुकीच्या आणि सीएचएच्या बिलातला जीएसटी. ही बिलं किरकोळ वाटतात आणि एकूण रकमेने चढवली जातात. तिथेही क्रेडिट मिळत असेल तर जीएसटी वजा करूनच रक्कम घ्या. उलट, तुमचं उत्पादन करमुक्त असल्यामुळे क्रेडिट मिळतच नसेल, तर तो कर खर्चच आहे आणि किमतीत यायलाच हवा.

ड्युटीच्या गणितात आणखी एक जागा अशी आहे जिथे पैसे नाहक जातात. भाड्याचा पुरावा वेळेवर दिला नाही, तर मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांप्रमाणे कस्टम्स एफओबीच्या २० टक्के भाडं गृहीत धरतं आणि विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के विमा. आपल्या उदाहरणात भाडं १,२०० ऐवजी ५,७६० डॉलर धरलं जाईल आणि ड्युटी ३२,३५३ रुपयांनी वाढेल, म्हणजे किलोमागे १ रुपया ३५ पैसे. असं झालंच तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वाढलेली ड्युटी खरोखर भरलेली आहे, ती किमतीत येते. पण ते ५,७६० डॉलर भाडं फक्त ड्युटी काढण्यासाठी मानलेलं आहे. लँडेड कॉस्टमध्ये भाडं म्हणून तुम्ही प्रत्यक्ष दिलेली रक्कमच येईल. ॲसेसेबल व्हॅल्यूमध्ये ड्युटी मिळवून त्यालाच लँडेड कॉस्ट म्हणणारे बरेच जण आहेत. त्यांच्या हिशोबात हा मानलेला आकडा थेट स्टॉकच्या किमतीत शिरतो. शिवाय मालाची मूळ किंमतही कस्टम्सच्या डॉलर रेटने येते. ॲसेसेबल व्हॅल्यू हा कर लावण्यासाठीचा आधार आहे. तो तुमच्या मालाचा खर्च नव्हे.

मग इन्व्हॉइसचे २८,८०० डॉलर कोणत्या रेटने रुपयांत आणायचे? व्यवहाराच्या तारखेच्या. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाचं मटेरियल कॉस्टवरचं स्टँडर्ड, सीएएस-६, हे स्पष्ट सांगतं: परकीय चलनातला भाग व्यवहाराच्या तारखेच्या रेटने बदलायचा आणि नंतर पैसे भरेपर्यंत रेटमध्ये झालेला बदल मालाच्या किमतीत धरायचा नाही. आर्थिक हिशोबात एएस-११ किंवा इंड एएस-२१ लागू असो, दिशा तीच आहे. एफओबीमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम तुमच्याकडे येते, म्हणून बिल ऑफ लेडिंगची तारीख धरणं योग्य. काही कंपन्या जीआरएनच्या तारखेचा रेट लावतात, कारण सिस्टीमला तेच सोपं जातं. जहाज वाटेत महिनाभर असेल आणि डॉलर हलला, तर या सोयीची किंमत स्टॉकच्या दरात दिसते. शिवाय मार्चअखेर समुद्रात असलेला माल पुस्तकात येतच नाही.

ॲडव्हान्स दिला असेल तर तेवढ्या भागाचा रेट ॲडव्हान्सच्या दिवशीचाच राहतो. समजा ३० टक्के, म्हणजे ८,६४० डॉलर, आधी ८४ च्या रेटने पाठवले होते. तर तो भाग ८४ ने आणि उरलेले २०,१६० डॉलर ८५ ने. एकूण किंमत ८,६४० रुपयांनी कमी येईल. पुढचं उदाहरण सोपं ठेवण्यासाठी आपण ॲडव्हान्स नाही असंच धरू.

पैसे भरताना डॉलर ८७ झाला, म्हणजे २८,८०० डॉलरवर दर डॉलरला २ रुपये, एकूण ५७,६०० रुपये जास्त गेले. हा विनिमयातला तोटा आहे आणि तो थेट नफा-तोटा पत्रकात जातो. प्रॉडक्शनवाले यावर हमखास विचारतात की पैसे तर खरोखर गेले, मग मालाला का लावायचे नाहीत? कारण तोपर्यंत माल तीन महिने जुना झालेला असतो, बहुतेक वापरलेला असतो, आणि डॉलर उघडा ठेवायचा की फॉरवर्ड घ्यायचा हा निर्णय खरेदीचा नसून वित्त विभागाचा असतो. तो तोटा मालात घातला की वित्त विभागाच्या निर्णयाचा परिणाम प्रॉडक्टच्या कॉस्टमध्ये लपतो. फॉरवर्ड घेतला असला तरी फॉरवर्डचा रेट आपोआप मालाचा रेट होत नाही. इंड एएस-१०९ खाली रीतसर हेज अकाउंटिंग केलेलं असेल, तरच हेजचा फायदा-तोटा मालाच्या किमतीत जातो.

आता सगळं एकत्र करू:

इन्व्हॉइस, २८,८०० × ८५: २४,४८,०००
समुद्री भाडं, फॉरवर्डरच्या बिलाप्रमाणे (त्याने ८७.५० लावला): १,०५,०००
विमा: ५,१६०
सीमाशुल्क आणि अधिभार: २,१३,२७६
टर्मिनल, सीएफएस, डिलिव्हरी ऑर्डर: ३८,०००
सीएचए: ८,०००
कारखान्यापर्यंत वाहतूक: ४२,०००
एकूण: २८,५९,४३६

या रकमेला किती किलोने भागायचं, यावर पुरेसा विचार होत नाही. इन्व्हॉइसवर २४,००० किलो आहेत. गोडाउनला बॅगा मोजल्या तेव्हा चार बॅगा इतक्या फाटलेल्या होत्या की त्यांतला माल सांडून गेला होता. वापरण्याजोगा माल २३,९०० किलो. एवढी तूट या मालात नेहमीच येत असेल, तर ती नॉर्मल लॉस आहे आणि तिचा भार उरलेल्या चांगल्या मालावर पडतो. म्हणून २८,५९,४३६ ला २३,९०० ने भागायचं: किलोला ११९ रुपये ६४ पैसे. २४,००० ने भागलं तर ११९.१४ येतील आणि त्या १०० किलोंची किंमत कुठेच न बसता वर्षअखेरीला स्टॉकमधली तूट म्हणून बाहेर येईल.

पण समजा कंटेनरला पाणी लागून ४० बॅगा, म्हणजे १,००० किलो माल खराब झाला. ही नेहमीची तूट नाही. त्या १,००० किलोंची किंमत लॉटच्या त्याच दराने बाजूला काढायची, विमा कंपनीकडून मिळणारी रक्कम दाव्याच्या खात्याला दाखवायची आणि उरलेला तोटा नफा-तोटा पत्रकाला न्यायचा. चांगल्या मालाचा दर वाढवायचा नाही.

कंटेनर वेळेत रिकामा न केल्याने लाइनने लावलेलं डिटेन्शन, बंदरातलं डेमरेज, बिल ऑफ एन्ट्री उशिरा भरल्याचा दंड, ड्युटी उशिरा भरल्याचं व्याज, यांतलं काहीही मालाच्या किमतीत नाही. सीएएस-६ मध्ये डेमरेज, डिटेन्शन आणि दंड स्पष्टपणे वगळले आहेत. समजा डिटेन्शन ३०,००० रुपये आलं. ते घातलं असतं तर किलोमागे सव्वा रुपया चढला असता आणि कागदपत्रांतली दिरंगाई महाग कच्चा माल म्हणून दिसली असती. यात अडचण येते ती बिलाच्या स्वरूपामुळे. सीएचए आपल्या एकाच बिलात स्वतःची फी, सीएफएसचं भाडं आणि डिटेन्शनची भरपाई एकत्र मागतो, आणि ते बिल एका ओळीत 'क्लिअरिंग खर्च' म्हणून चढतं. त्या बिलामागे जोडलेल्या पावत्या उघडून पाहिल्याशिवाय हे वेगळं होत नाही. माझ्या मते आयातीच्या हिशोबात सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

आता तुमचे १०४ आणि १४५.

माल आला तेव्हा स्टोअरमध्ये ६,००० किलो जुना साठा ११२ रुपयांनी होता, असं धरू. तुम्ही वेटेड ॲव्हरेज वापरता. जीआरएन करताना सिस्टीममध्ये फक्त इन्व्हॉइसची रक्कम होती, २४,४८,०००. म्हणजे नवा सरासरी दर:

(६,७२,००० + २४,४८,०००) ÷ २९,९०० = १०४.३५

खरा दर काय असायला हवा होता?

(६,७२,००० + २८,५९,४३६) ÷ २९,९०० = ११८.११

महिनाभरात २०,००० किलो माल १०४.३५ ने प्रॉडक्शनला गेला. त्या महिन्याची प्रॉडक्टची कॉस्ट सुमारे पावणेतीन लाखांनी कमी दिसली. मग ड्युटी, भाडं, सीएचए, वाहतूक अशी ४,११,४३६ रुपयांची बिलं चढली. शिल्लक माल ९,९०० किलो. सगळा खर्च त्या शिल्लक मालावर बसला:

(१०,३३,०४३ + ४,११,४३६) ÷ ९,९०० = १४५.९१

पुढच्या महिन्यातलं प्रॉडक्शन आता १४५.९१ ने माल उचलतं. कंटेनर तोच, माल तोच, पण एका महिन्याचा नफा खोटा आणि दुसऱ्या महिन्याचा तोटाही खोटा. त्याच दरम्यान कोणी या आकड्यांवरून ऑर्डरचा भाव दिला असेल, तर नुकसान हिशोबापुरतं राहत नाही.

काही ईआरपी शिल्लक माल खर्चाच्या बिलातल्या मालापेक्षा कमी असेल तर उरलेला भाग आपोआप किंमत-फरकाच्या खात्याला टाकतात. त्याने १४५ दिसणार नाही, पण १०४ ने गेलेला माल तसाच राहील. त्या खात्याकडे महिनाअखेरीला कोणी बघत नसेल तर रोग फक्त दिसायचा थांबतो.

उपाय बिलं लवकर मागवण्याचा नाही, ती उशिराच येणार. उपाय जीआरएनच्या दिवशीच प्रत्येक खर्चाची तरतूद करण्याचा आहे. त्या दिवशी तुमच्या हातात काय असतं ते बघा. इन्व्हॉइस असतं. बिल ऑफ एन्ट्री असते, म्हणजे ड्युटी पैशापर्यंत माहीत असते. विम्याचा प्रीमियम माहीत असतो. एकूण खर्चातला मोठा भाग नक्की झालेला असतो. राहतं ते भाडं, सीएफएस, सीएचए आणि वाहतूक, आणि त्यांचेही दर ठरलेले असतात. भाड्याचं कोटेशन १,२०० डॉलर आहे, फॉरवर्डरच्या मागच्या बिलात ८६.५० होता, म्हणून १,०३,८०० धरा. सीएफएस ३५,०००, सीएचए ८,०००, वाहतूक ४२,०००. तरतुदीसह लॉटची किंमत २८,५५,२३६ होते, किलोला ११९.४७. सरासरी दर ११७.९७, आणि माल त्याच दराने इश्यू होतो.

बिलं आल्यावर भाडं १,०५,००० आणि सीएफएस ३८,००० निघालं. फरक फक्त ४,२०० रुपयांचा. तो सगळा शिल्लक मालावर टाकायचा नाही. २९,९०० किलोंपैकी ९,९०० शिल्लक आहेत, म्हणून १,३९१ रुपये स्टॉकला आणि २,८०९ वापरलेल्या मालाच्या फरकाच्या खात्याला. इतकी लहान रक्कम असेल तर सगळीच फरकाच्या खात्याला नेली तरी चालेल, फक्त किती रकमेपर्यंत तसं करायचं हे आधी लिहून ठेवा आणि प्रत्येक लॉटला तोच नियम लावा. फरक मोठा असेल तर वाटणी करायलाच हवी, आणि वापरलेल्या भागापैकी जे तयार मालाच्या गोडाउनमध्ये किंवा मशीनवर अजून पडून आहे, त्यालाही त्याचा हिस्सा द्यायला हवा.

फिफो वापरत असाल तर वाटणी वेगळी पडते. आधी जुने ६,००० किलो ११२ ने जातील, मग नव्या लॉटचे १४,००० किलो. नव्या लॉटचा फरक २३,९०० किलोंत वाटायचा. त्याचा जुन्या मालाशी संबंध नाही. डॉलर चढता असताना फिफोने प्रॉडक्टची कॉस्ट सरासरीपेक्षा काही काळ कमी दिसते, एवढं लक्षात असू द्या. पद्धत एकदा ठरवली की डॉलर कुठे चालला आहे ते पाहून बदलायची नाही.

एका कंटेनरमध्ये दोन-तीन ग्रेड असतील तर खर्चाची वाटणी खर्चाच्या स्वभावाप्रमाणे करा. ड्युटी बिल ऑफ एन्ट्रीवर आयटमनिहाय दिलेली असते, ती तशीच घ्या. विमा किमतीच्या प्रमाणात. भाडं आणि वाहतूक वजनाच्या, किंवा हलका पण जागा खाणारा माल असेल तर आकारमानाच्या प्रमाणात. सगळंच किमतीच्या प्रमाणात वाटलं की महागड्या ग्रेडवर स्वस्त ग्रेडचं भाडं चढतं.

निर्यातीसाठी ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली ड्युटी न भरता आणलेला माल आणि ड्युटी भरून आणलेला माल एकाच आयटम कोडमध्ये ठेवू नका. सरासरीत दोघांचा दर मिसळला की निर्यातीच्या ऑर्डरवर न भरलेल्या ड्युटीचा काही भाग बसतो आणि देशांतर्गत ऑर्डर तेवढी स्वस्त दिसते. वेगळा कोड किंवा वेगळा बॅच एवढंच लागतं.

डॉलरचा इश्यू रेटवर किती परिणाम होतो हे सांगणारा एक आकडा काढून भिंतीवर लावण्यासारखा आहे. आपल्या उदाहरणात चांगल्या किलोमागे ३०,०६० ÷ २३,९००, म्हणजे १.२५७७ डॉलर लागतात. त्यावर ८.२५ टक्के ड्युटी धरली की १.३६१५. म्हणजे डॉलर सगळ्याच टप्प्यांवर एक रुपयाने चढला, तर किलोमागे १ रुपया ३६ पैसे वाढतात. आयजीएसटीही वाढतो, पण तो परत मिळत असल्याने फक्त रोख पैसा जास्त अडकतो. हा आकडा भाव देताना कामाला येतो. स्टोअरचा इश्यू रेट मागच्या लॉटची खरी किंमत सांगतो, आणि प्रॉडक्टची झालेली कॉस्ट काढायला तोच वापरायचा. पण दोन महिन्यांनी पुरवायच्या ऑर्डरचा भाव त्यावरून देऊ नका. तेव्हाचा माल पुढच्या कंटेनरचा असेल. आज डॉलर ८८ असेल, तर त्या लॉटच्या ८५ च्या बेरजेवर विसंबू नका. नव्या एफओबीने आणि आजच्या रेटने वेगळा हिशोब करा. हे दोन आकडे एकाच शीटमध्ये दोन वेगळ्या रकान्यांत ठेवले की विक्री आणि कॉस्टिंग यांच्यातला वाद बराच कमी होतो.

तुमची सध्याची पुस्तकं किती बरोबर आहेत हे तपासायला दोन गोष्टी पुरतील. पहिली, प्रत्येक लॉटचा लँडेड दर त्याच्या एफओबी डॉलर दराने भागा. आपल्या लॉटचा ११९.६४ ÷ १.२० = ९९.७०, म्हणजे एफओबीचा एक डॉलर कारखान्यात ९९ रुपये ७० पैशांना पडला. डॉलर, भाडं आणि ड्युटी फारसे बदलले नसताना एखाद्या लॉटचा हा आकडा ८५ च्या आसपास आला, तर त्यावर खर्च चढलेलाच नाही. ११५ च्या पुढे गेला, तर आयजीएसटी, डिटेन्शन किंवा दुसऱ्या लॉटचं बिल त्यात शिरलं आहे. दुसरी, तरतुदीच्या खात्यात लॉटनिहाय शिल्लक काढा. माल येऊन तीन महिने झाले तरी एखाद्या लॉटची तरतूद उभी असेल, तर एकतर ते बिल आलेलं नाही, किंवा ते आलं आणि कोणीतरी तरतुदीकडे न बघता दुसऱ्यांदा खर्चाला टाकलं. दुसरा प्रकार जास्त आढळतो.

सुरुवात चालू महिन्यात आलेल्या लॉटपासून करा. बिल ऑफ एन्ट्री, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग आणि भाड्याचं कोटेशन एकत्र ठेवून वरच्यासारखी शीट भरा आणि जीआरएनला तोच दर द्या. मागच्या लॉटपैकी ज्यांचा माल अजून शिल्लक आहे तेवढेच दुरुस्त करा, आणि सध्या १४५ ने पडलेल्या शिल्लक साठ्याचा दर खऱ्या खर्चावर आणून फरक त्या-त्या महिन्याच्या वापराला दाखवा.